भिंतीआडची आग: एक पॅनेल बंद करताना आणि नंतर

वर्धा खोऱ्यातल्या कोळशाला पेटवायला काडी लागत नाही. भूमिगत खाणीत वायुवीजनाचं काम करताना मी ज्या पॅनेलबद्दल, म्हणजे कोळसा काढायला आखलेल्या खाणीच्या एका भागाबद्दल लिहितोय, तिथेही कुणी काही पेटवलं नव्हतं. सीम, म्हणजे जमिनीतला कोळशाचा सलग थर, पंधरा मीटरपेक्षा जाड, त्यातला खालचा तीनेक मीटरचा भाग आम्ही काढत होतो. वरचा कोळसा छत म्हणून राहतो. छत पेलायला सोडलेले कोळशाचे खांब, म्हणजे पिलर, काढत मागे सरलो की तो छताचा कोळसा खाली कोसळतो आणि गोफमध्ये, म्हणजे मागे राहिलेल्या रिकाम्या जागेत, चुऱ्याचा ढीग होऊन पडतो. सगळी गोष्ट त्या ढिगात सुरू होते.

ताजा फुटलेला कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषतो आणि त्यातून थोडी उष्णता सुटते. ढीग उघड्यावर असता तर वारा ती घेऊन गेला असता. घट्ट दाबलेला असता तर ऑक्सिजनच आत पोचला नसता. गोफच्या कडेपासून थोडं आत मात्र नेमकी मधली अवस्था असते: ऑक्सिजन पुरवण्याइतकी हवा झिरपते, पण उष्णता वाहून नेण्याइतकी नाही. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की ही क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत सगळं सावकाश चालतं, त्यानंतर वेळ हातातून निसटायला लागते. म्हणून कोळसा पडल्यापासून तापायला लागेपर्यंतचा काळ, ज्याला आम्ही इन्क्युबेशन पिरियड म्हणतो, तो हिशेबात धरूनच पॅनेल आखलं जातं. त्या मुदतीत काम संपवून बाहेर पडायचं आणि तोंडं बंद करायची. आमच्याकडे छत खराब लागल्याने काम काही आठवडे अडलं आणि मुदतीतली सवड तिथेच संपली.

पहिली खूण नाकाला कळली. गोफच्या कडेला दमट, रॉकेलसारखा वास येत होता आणि एरवी कोरड्या असणाऱ्या लोखंडी टेक्यांवर पाण्याचे थेंब धरले होते. गरम, दमट हवा थंड लोखंडाला लागली की असं होतं. यालाच खाणीत घाम येणं म्हणतात. या टप्प्यावर धूर नसतो, ज्वाळा तर नसतेच.

हातातला मीटर गोफच्या कडेला ४० पीपीएम कार्बन मोनॉक्साइड दाखवत होता. हा आकडा एकटा काहीच सांगत नाही, आणि बहुतेक चुका इथेच होतात. त्या तोंडाशी वाहणारी हवा दुप्पट केली तर तीच उष्णता २० पीपीएम दाखवेल आणि सगळ्यांना वाटेल की प्रकरण निवळलं. उलट स्फोट उडवल्यानंतर लगेच नमुना घेतला तर बारूदाच्या धुरातला मोनॉक्साइड कोळशाच्या नावावर चढतो. म्हणून आम्ही ग्रॅहॅम गुणोत्तर काढतो: कोळशाने जितका ऑक्सिजन खाल्ला, त्याच्या तुलनेत मोनॉक्साइड किती तयार झाला. नायट्रोजन कोळशाशी क्रिया करत नाही, त्यामुळे मुळात किती ऑक्सिजन आला होता ते त्याच्यावरून कळतं.

```
GR = 100 × CO / (0.265 × N2 − O2)
```

सगळे आकडे टक्क्यांत. पहिल्या नमुन्यात ऑक्सिजन २०.१०, नायट्रोजन ७९.३० आणि मोनॉक्साइड ०.००४० होता. नायट्रोजनवरून ऑक्सिजन २१.०१ असायला हवा होता, म्हणजे तूट ०.९१, आणि गुणोत्तर ०.४४. अर्ध्याच्या आत असेल तर साधारण समजतात. दोन आठवड्यांनी त्याच जागी, पाळीच्या त्याच वेळेला, स्फोटकाम नसताना पुन्हा नमुना घेतला. ऑक्सिजन १९.९०, नायट्रोजन ७९.४०, मोनॉक्साइड ०.०१२०. तूट १.१४, गुणोत्तर १.०५. एकच्या वर गेलं की आत कोळसा तापतोय हे धरून चालायचं, दोनच्या वर प्रकरण आगीच्या उंबरठ्यावर असतं, आणि तीनच्या पुढे आग आहे असंच समजायचं. बाहेरून ताजी हवा मिसळली तरी तूट आणि मोनॉक्साइड दोन्ही सारख्याच प्रमाणात विरळ होतात, म्हणून गुणोत्तर टिकून राहतं. एक पथ्य मात्र आहे. तूटच ०.३ पेक्षा कमी असेल तर भागाकारावर विश्वास ठेवू नये, कारण प्रयोगशाळेतल्या बारीकशा चुकीनेही तो दुप्पट होऊ शकतो.

आता पाणी मारायचं का, हा प्रश्न दरवेळी निघतो. तापलेला कोळसा हाताशी असेल, फावड्याने काढून, भिजवून बाहेर नेता येत असेल तर तेच सर्वांत उत्तम. इथे तो गोफच्या आत, कोसळलेल्या छताखाली होता. तिथे टाकलेलं पाणी वाट मिळेल तिकडे वाहून जातं आणि तापलेल्या गाभ्यापर्यंत पोचतच नाही. गाभा खरोखर लालबुंद असेल आणि पोचलंच, तर वाफ आणि कार्बन यांच्यातून हायड्रोजन आणि मोनॉक्साइड बनतात, आणि हे दोन्ही पेट घेणारे वायू आहेत. आम्ही पॅनेल बंद करायचं ठरवलं.

त्यासाठीच्या भिंती, म्हणजे स्टॉपिंग, पिलर काढायच्या आधीच अर्ध्या बांधून ठेवलेल्या असतात. वीट-सिमेंटची एक मीटर जाडीची भिंत, छतात, तळात आणि दोन्ही बाजूंना खाच घेऊन घट्ट बसवलेली, मध्ये माणूस जाईल एवढं तोंड ठेवलेलं. प्रत्येक भिंतीत आम्ही तीन गोष्टी बसवतो: तळाशी पाणी निघायला वाकवलेला पाइप, ज्यात पाण्याचाच अडसर राहतो, वर नमुन्याचा पाइप, कॉकसह, आणि दाब दाखवणारी यू-नळी. नमुन्याचा पाइप भिंतीच्या आत तीन-चार मीटर गेलाच पाहिजे. आखूड ठेवला तर भिंतीलगत झिरपलेली हवाच बाटलीत येते.

चार तोंडांपैकी दोन आधी पूर्ण बुजवली. शेवटची दोन, हवा आत जाणारं आणि बाहेर येणारं, एकाच वेळी बंद केली आणि चोवीस तास खाणीत कुणाला उतरू दिलं नाही. तोंडं बंद झाली की आत मिथेन आणि हायड्रोजन साचत जातात आणि ऑक्सिजन उतरत जातो. या दोन रेघा एकमेकींना ओलांडतात त्या दरम्यान मिश्रण स्फोटक होऊ शकतं आणि ठिणगी आत आहेच. मिथेनसाठी ऑक्सिजन बाराच्या खाली गेला की तो धोका टळतो. हायड्रोजनला मात्र पाचेक टक्केही पुरतो. आमच्या खाणीत मिथेन कमी, तरीही हे चोवीस तास कुणी कापू नयेत.

दहा दिवसांत ऑक्सिजन सहा टक्क्यांवर आला. मोनॉक्साइड आधी चढला, मग उतरायला लागला. पुढच्या महिन्यात नमुने विचित्र येऊ लागले: एक दिवस ऑक्सिजन ३, दोन दिवसांनी ९, परत ४. भिंतीला चुना मारलेला होता, त्यावर तडा गेला की लगेच काळी रेघ दिसते. तशी रेघ कुठे नव्हती. उत्तर यू-नळीत सापडलं. नऊच्या सुमाराला तिच्यातलं पाणी पॅनेलच्या बाजूला चढलेलं असायचं, दुपारी तीनला आमच्या बाजूला. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या आसपास सर्वांत जास्त आणि दुपारी चारच्या आसपास सर्वांत कमी असतो. रात्रीही तसाच, थोडा लहान फेरा होतो. दाब चढत असताना बंद पॅनेल श्वास आत घेतं, उतरत असताना बाहेर सोडतं. आमची पहिली पाळी नमुने घ्यायची सकाळी नऊला, म्हणजे नेमकं पॅनेल आत ओढत असताना, आणि बाटलीत येत होती आमचीच हवा. वेळ बदलून दुपारी तीन केली, बाटली भरण्याआधी पाइपातली जुनी हवा पंपाने काढून टाकायला सुरुवात केली, आणि आकडे एका रेषेत आले.

या श्वासातच आग वर्षानुवर्षं का जगते याचं उत्तर आहे. समजा आतली पोकळी ५०,००० घनमीटर आहे आणि दाब दिवसात ४ हेक्टोपास्कलने हलतो. एकूण दाब हजाराच्या आसपास, म्हणजे सुमारे २०० घनमीटर हवा रोज आत-बाहेर जाते. त्यात ४२ घनमीटर ऑक्सिजन. तो सगळा गाभ्यापर्यंत पोचला तर वीस किलोंहून जास्त कार्बन जाळायला पुरतो. सगळा पोचत नाही हे खरं, पण विझू न देण्याइतकी उष्णता टिकवायला त्यातला लहानसा हिस्साही बराच झाला. कोळसा आणि खडक उष्णतेचे वाहक म्हणून फार वाईट. चारही बाजूंनी त्यांनी गुंडाळलेला गाभा थंड व्हायला वर्षं लागतात, आणि धुमसणं दोन-तीन टक्के ऑक्सिजनवरही चालू राहतं.

झारखंडमधल्या झरियाच्या कोळसापट्ट्यात तर भिंत घालायला जागाच उरलेली नाही. तिथली पहिली आग १९१६ मध्ये नोंदली गेली. सीम जाड, जमिनीलगत, जुने पिलर ठिसूळ. खाली कोळसा जळतो, पिलर खचतो, जमिनीला भेगा पडतात. एका भेगेतून गरम वायू वर चढतो, दुसऱ्या भेगेतून तेवढीच थंड हवा खाली ओढली जाते, आणि चिमणीसारखा प्रवाह सुरू होतो. मातीचा थर टाकून भेगा बुजवायच्या, पुढचा कोळसा वाचवायला खंदक खणायचा, किंवा जळता भागच खोदून काढायचा, एवढेच मार्ग राहतात. आणि या भेगांशेजारी माणसं राहतात. मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खोलगट जागी साचतो. गंधकाचा उग्र वास येतो तेवढाच लोकांना कळतो, त्यामुळे वास नाही म्हणजे हवा ठीक, असा समज होतो. तो जिवावर बेततो.

आमच्या पॅनेलकडे परत येतो. ग्रॅहॅम गुणोत्तर सहा महिन्यांनी ०.२ च्या खाली आलं, तेव्हा उघडण्याची भाषा सुरू झाली. मी विरोध केला, कारण बंद जागेत हे गुणोत्तर फसवतं. थंड कोळसाही हळूहळू ऑक्सिजन शोषतच असतो आणि मोनॉक्साइड जवळपास देत नाही. तूट वाढते, भागाकार लहान होत जातो, गाभा मात्र तितकाच गरम राहू शकतो. म्हणून आम्ही एका आकड्यावर न थांबता चार गोष्टी एकत्र पाहतो: ऑक्सिजन दोनच्या खाली, मोनॉक्साइड नगण्य, वायू वेगवेगळे करून मोजणाऱ्या क्रोमॅटोग्राफवर हायड्रोजन आणि इथिलीन शून्य, आणि भिंतीतून येणाऱ्या पाण्याचं तापमान खाणीतल्या इतर पाण्याइतकं. इथिलीन शंभर अंशांच्या वरच दिसायला लागतं, म्हणून ते दिसलं की वाद संपतो.

पहिल्या तीन गोष्टी जुळल्या होत्या. पाणी शेजारच्या पॅनेलपेक्षा चार अंशांनी गरम होतं. पॅनेल बंद ठेवलं, हवा आत येणाऱ्या बाजूचा, हवेचा ओघ कमी-जास्त करणारा रेग्युलेटर बदलून दोन भिंतींमधला दाबाचा फरक १२ मिलिमीटर पाण्यावरून २ वर आणला, म्हणजे पंख्याचा ओढा तरी आतून जाणार नाही. नमुना आता दर आठवड्याला, दुपारी तीनला घेतला जातो. शेवटच्या मोजणीत पाण्यातला फरक दीड अंशावर आला होता.