पोटाचं की मशीनचं?

"काकी, काकांचं डायलिसिस आधी मशीनवर व्हायचं, आता तुम्ही घरीच पोटातून करता. आमच्या बाबांना डॉक्टर दोन्ही चालेल म्हणतात. कुठलं घेऊ? आणि जेवणाचं काय?"

माझं मत विचाराल तर आधी घरात वजनकाटा घ्या. मला या दोन्हींतला फरक त्याच्यावरच कळला.

हे मशीनवर मंगळवार, गुरुवार, शनिवार असे जायचे. हाताच्या फिस्टुलात, म्हणजे ऑपरेशन करून धमनी आणि शीर जोडलेली असते तिथे, दोन सुया टोचतात. एकीतून रक्त बाहेर येतं, गाळणीतून जाऊन दुसरीतून परत अंगात. असे चार तास. ह्यांचं कोरडं वजन, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं, 58 किलो. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळे चहा, पेज, हुमण, जे पातळ पोटात जाईल ते अंगातच राहायचं. शनिवार ते मंगळवार हा मोठा खंड. त्यात एकदा वजन साडेएकसष्ट भरलं. म्हणजे साडेतीन लिटर पाणी काढायचं.

पण मशीनला हवं तितकं ओढता येत नाही. दर किलो वजनामागे तासाला साधारण 13 मिली, यापुढे हृदयावर ताण येतो. ह्यांच्या वजनाला तासाला 750 मिली, चार तासांत तीन लिटर. उरलेलं अर्धा लिटर त्याच वेळात ओढायला गेलं की बीपी कोसळतं, पायात गोळे येतात, जांभया सुरू होतात. अशा वेळी एक तर वेळ वाढवतात, नाहीतर थोडं पाणी पुढच्या खेपेला ठेवतात.

म्हणून मशीनवाल्याचा खरा शत्रू पाणी नव्हे, मीठ. खारे बांगडे, लोणचं, पापड खाल्ले की तहान आवरतच नाही. त्यावर उपाय म्हणून कुणी 'कमी सोडियमचं' मीठ आणून देईल, ते मात्र घेऊ नका. त्यात बहुधा पोटॅशियम असतं, आणि पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. कधी पायातला जोर जातो, कधी आधी काहीच कळत नाही. आजाऱ्याला भेटायला येणारी माणसं शहाळंच घेऊन येतात ना! एका शहाळ्यात सातशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असू शकतं. दिवसाची मर्यादा बऱ्याच जणांना दोन हजारांच्या आसपास घालून देतात, आणि रविवारी प्यालेलं मंगळवारपर्यंत अंगातच. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडायच्या, पाणी ओतून टाकायचं, मगच फोडणी. चवथीच्या खतखत्यालाही हाच नियम. करंबळ मात्र, ते पाच धारांचं आंबट फळ, दोन्ही प्रकारच्या रुग्णांना बंद. त्यातलं विष मेंदूला बाधतं. उचकी थांबत नाही, माणूस बरळायला लागतो.

पोटाच्या डायलिसिसला हा खंडच नाही. बेंबीखाली बसवलेल्या नळीतून दोन लिटर द्रावण पोटात सोडायचं. पोटाच्या आतलं पातळ आवरण हीच गाळणी. द्रावणातली साखर जादा पाणी ओढून घेते. चार-सहा तासांनी ते काढून नवं भरायचं, दिवसातून चार वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण तास. रोज थोडं थोडं निघत राहतं म्हणून ह्यांना फळं थोडी मोकळी झाली. उलट प्रथिनं त्या पाण्याबरोबर वाहून जातात, म्हणून अंडं, मासळी जास्त द्यावी लागते. मीठ जपायचंच. बाबांना मधुमेह असेल तर पोटातून शोषली जाणारी साखर हिशेबात धरा.

आता कष्टाचं. मास्क, हात धुणं, पंखा बंद, दार लावलेलं, यात एकही पायरी चुकवायची नाही. महिन्याला दोन-दोन लिटरच्या सव्वाशेच्या आसपास पिशव्या. पेडण्याच्या पावसात त्या कोरड्या कुठे ठेवायच्या, हा आमच्या घरातला मोठा प्रश्न. नदीत, समुद्रात उतरणं बंद. बद्धकोष्ठ झालं तरी पाणी नीट निघत नाही. निघालेली पिशवी दर वेळी छापील कागदावर ठेवून बघायची. अक्षरं पलीकडून वाचता आली पाहिजेत. पाणी गढूळ दिसलं, पोट दुखलं, तर पोटात जंतू शिरलेत असं समजून त्याच दिवशी ती पिशवी घेऊनच हॉस्पिटल गाठायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

तेव्हा बाबांची नजर आणि हात साथ देतात का, नाहीतर दिवसातून चार वेळा कोण करणार, हे आधी ठरवा. घरी माणूस नसेल तर मशीनच बरं. पोटाचं घेतलंत तरी मशीन कायमचं सुटलं असं धरू नका. जंतुसंसर्ग हटला नाही तर नळी काढून परत मशीनवर जावं लागतं. म्हणून बाबांच्या ज्या हाताला फिस्टुला करायचा असेल, बहुधा डावा, त्या हातातून आतापासूनच रक्त काढू देऊ नका, सलाईनही लावू देऊ नका. दवाखान्यातली सिस्टर नवी असेल तर तिला माहीत नसणार, तुम्हीच सांगायचं.