मेहर १३१२ फसली: एका स्थापनावर्षाचा माग

या वेळी विकिपीडियावरच्या जुन्या सरकारी शाळांच्या माहितीचौकटी घेतल्या आहेत. मराठवाड्यात १९४८ पर्यंतचं दफ्तर निजामाचं, त्यामुळे तारखा बहुतेक फसली सनातल्या, म्हणजे महसुली कालगणनेतल्या. चुका इथेच शिरतात.

आमच्या तालुक्याच्या शाळेच्या चौकटीत स्थापना १९०२ आहे. संभाजीनगरच्या पुराभिलेखागारातल्या उर्दू मंजुरीपत्रावर मात्र महिना मेहर, सन १३१२ फसली. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजुर महिन्यापासून सुरू व्हायचं. म्हणजे १३१२ फसली ऑक्टोबर १९०२ ते ऑक्टोबर १९०३. मेहर अकरावा महिना, साधारण ऑगस्टात येणारा. पत्र १९०३ चं ठरतं.

मग १९०२ आलं कुठून? एक तर कुणीतरी महिना न बघता सरसकट ५९० मिळवले. किंवा मद्रासकडचा नियम लावला. तिकडे फसली वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्या हिशेबाने १३१२ चा ऑगस्ट १९०२ मध्ये पडतो. आपला हिशेब पडताळायला १७ सप्टेंबर १९४८ सारखी दुसरी चांगली तारीख नाही. मुक्तिदिन १३५७ फसलीच्या अखेरच्या महिन्यात, आबानमध्ये येतो, तिथे ५९१ च मिळवावे लागतात. ५९० मिळवले तर मुक्तिसंग्राम १९४७ मध्येच संपतो!

एका संकेतस्थळावर याच शाळेचं साल १८९४ दिसलं. तिथे १३१२ ला हिजरी धरलंय. आठ-नऊ वर्षांचा फरक दिसला की मी आधी हीच शंका घेतो.

आता नक्कल कुणी कुणाची केली ते. चौकटीतल्या १९०२ ला एका वर्तमानपत्री लेखाचा संदर्भ आहे, म्हणून दिसायला भक्कम. पण पानाचा इतिहास मागे मागे उघडत गेलो, तर १९०२ हा आकडा लेख छापून येण्याच्या आधीपासून तिथे विनासंदर्भ बसलेला. लेखकाने तो इथूनच उचलला असावा, आणि नंतर त्याचाच लेख इथे पुरावा म्हणून जोडला गेला. विकिडेटावर P571 खाली, म्हणजे स्थापनेच्या रकान्यात, तेच १९०२, आणि संदर्भात फक्त P143, म्हणजे दुसऱ्या विकीवरून आयात. पाच ठिकाणी १९०२ दिसलं तरी साक्षीदार एकच.

विकिडेटावरचं जुनं मूल्य मी पुसलेलं नाही. पुसलं तर पुढच्या आयातीत परत येतं. त्याला नापसंत दर्जा देऊन कारण लिहिलं आणि १९०३ वेगळं घातलं, दफ्तराच्या क्रमांकासह. एक मर्यादा आहे: पत्र मंजुरीचं आहे, वर्ग कधी भरू लागले ते त्यात नाही. त्यासाठी शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर बघायचंय. मुख्याध्यापकांनी कपाट उघडून द्यायचं कबूल केलंय.

पुढच्या फेरीत अमरदाद ते आबान या महिन्यांची पत्रं आधी काढणार आहे. मद्रासचा नियम चुकवतो तो तिथेच.