पत्रिका छापायला सोडण्याआधी

“लग्नपत्रिकेचं प्रूफ आलंय, उद्या छापायला जाणार आहे. घरातल्या सगळ्यांनी वाचलंय. आता अजून नेमकं काय तपासायचं?”

घरातल्या सगळ्यांनी वाचलंय, यातच थोडी अडचण आहे. ओळखीचं नाव आपण वाचत नाही, ओळखतो. पहिलं आणि शेवटचं अक्षर दिसलं की मधलं मन भरून टाकतं. त्यामुळे पत्रिकेचं प्रूफ वाचायचं नसतं, मूळ कागदाशी ताडून पाहायचं असतं. मूळ कागद म्हणजे ज्याचं नाव आहे त्याने स्वतः लिहून दिलेलं नाव. काकांनी फोनवर सांगितलेलं आणि आपण टिपून घेतलेलं नाव त्यात धरत नाही.

मी नावं नेहमी दोघांना बसवून तपासते. एकाच्या हातात मूळ यादी, दुसऱ्याच्या हातात प्रूफ. यादीवाल्याने नाव म्हणायचं नाही, अक्षरं म्हणायची: “क ला दीर्घ वेलांटी, त ला रफार, त ला दीर्घ वेलांटी.” नुसतं ‘कीर्ती’ म्हटलं तर समोर ‘किर्ती’ छापलेलं असलं तरी ऐकणारा होच म्हणतो, कारण कानाला दोन्ही सारखीच. नीलेश-निलेश, पूजा-पुजा, ऋतुजा-रुतुजा, सगळ्यांचं तेच. इथे शुद्धलेखनाचे नियम काढू नयेत. माणूस आपलं नाव जसं लिहितो तसंच ते छापायचं. मजकुराला मात्र नियम लागतात, आणि त्यातले दोन शब्द मी हमखास आधी शोधते: ‘आशीर्वाद’ आणि ‘ज्येष्ठ’. पहिल्यातला रफार सरकून ‘आर्शिवाद’ होतो, दुसऱ्यातला य गळून ‘जेष्ठ’ होतो.

रफाराचं थोडं सविस्तर सांगते, कारण ही चूक घरात होत नाही, डीटीपीच्या टेबलावर होते. तुम्ही मोबाइलवर मजकूर टाइप करून पाठवता तो युनिकोडमध्ये असतो. पत्रिकांचे नक्षीदार फॉन्ट बहुतेक जुन्या पद्धतीचे असतात, म्हणून ऑपरेटर तो मजकूर कन्व्हर्टरमधून काढतो किंवा पुन्हा टाइप करतो. युनिकोडमध्ये रफाराचा र आधी येतो आणि वेलांटी अक्षरानंतर. जुन्या फॉन्टमध्ये उलट: ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षरानंतर. एकाच अक्षरावर दोन्ही आले की अदलाबदलीत गोंधळ होतो आणि ‘शर्मिला’ची ‘शमिर्ला’ होते, ‘आर्थिक’चं ‘आथिर्क’ होतं. तुम्ही पाठवलेलं बरोबर होतं एवढ्यावर म्हणूनच विसंबता येत नाही. रफार असलेला प्रत्येक शब्द पेन्सिलीने गोल करा आणि रफार कोणत्या अक्षराच्या डोक्यावर बसलाय ते बघा.

दुसरी तशीच जागा म्हणजे ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडे’ यांतला आडवा र. काही कीबोर्डवर तो साधण्यासाठी मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घातलेलं असतं. मजकूर इकडून तिकडे नेताना ते गळालं की ह च्या डोक्यावर रफार चढतो आणि आडनाव ‘गोर्हे’ होतं. घाईत ते बरोबरच वाटतं. ज्यांचं आडनाव आहे त्यांना मात्र पाकिटावरच दिसतं.

नावांच्या आधीची अक्षरं वेगळ्या फेरीत तपासा. फक्त ‘श्री.’, ‘सौ.’, ‘चि.’, ‘कै.’ एवढंच बोटाने मोजत जायचं, पुढचं नाव वाचायचंच नाही. बऱ्याचदा नवी पत्रिका कोऱ्या पानावर होत नाही. कुणाची तरी जुनी फाइल उघडून तिच्यावर नवी नावं चढवतात. मग आधीच्या घरातलं ‘कै.’ तुमच्याकडच्या हयात आजोबांपुढे राहून जातं. वेलांटी चुकली तर माणसं माफ करतात, हे माफ करत नाहीत, आणि का करावं? त्याच जुन्या फाइलमुळे ‘यांची द्वितीय कन्या’, मागच्या कार्यालयाचा पत्ता किंवा मागचं साल मागे उरतं. जे शब्द तुम्ही दिलेच नव्हते ते प्रूफमध्ये कुठे आहेत, हेही म्हणून शोधावं लागतं.

आता तारीख. समजा प्रूफात असं आहे: ‘मिती फाल्गुन वद्य २, शके १९४७, शुक्रवार दि. १४ फेब्रुवारी २०२५’. वार आणि इंग्रजी तारीख जुळते, पाहुणे वेळेवर येतील. तरी या ओळीत दोन चुका आहेत. शक गुढीपाडव्याला बदलतो. पाडव्यापासून डिसेंबरअखेर इंग्रजी सालातून ७८ वजा करायचे, जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९. २०२५ चा पाडवा ३० मार्चला होता, म्हणजे १४ फेब्रुवारीला शके १९४६ च चालू होतं. दुसरी चूक महिन्याची. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडे पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्यापुढे एक असतो. १२ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा झाली, तेव्हा १४ तारखेला आपली माघ वद्य द्वितीया आणि त्यांची फाल्गुन कृष्ण द्वितीया. मोबाइलवरचं पंचांग उत्तरेच्या पद्धतीवर लावलेलं असलं की नेमका हा फरक पत्रिकेत उतरतो. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिना एकच असतो, म्हणून तिथे ही चूक होत नाही.

वार आणि तारीख एकमेकांशी जुळत नसतील तर ‘वारच चुकला असेल’ असं ठरवून दुरुस्त करू नका. दोन्हींपैकी काहीही चुकलेलं असू शकतं. ज्यांनी मुहूर्त काढला त्यांनाच विचारा. मध्यरात्रीनंतरचा मुहूर्त असेल तर अधिक जपून, कारण पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो आणि इंग्रजी तारीख रात्री बाराला. अशा वेळी पत्रिकेत ‘शुक्रवारी रात्री’ की ‘शनिवारी पहाटे’ हे पाहुण्यांना एका वाचनात कळलं पाहिजे.

आकड्यांत नक्षीदार फॉन्टचा १ आणि ९ जवळून बघा. शिवाय देवनागरी ७ इंग्रजी सहासारखा आणि देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो, तेव्हा हाताने लिहिलेल्या यादीवरून नंबर टाइप झाला असेल तर तिथे गफलत होते. फोन नंबर ताडून बघू नका, प्रूफावर पाहून लावा आणि कोण उचलतं ते ऐका.

दुरुस्त्या सांगितल्यावर नवं प्रूफ आलं की फक्त दुरुस्त केलेला शब्द पाहून थांबू नका. ती अख्खी ओळ आणि खालची ओळ पुन्हा ताडा, कारण ओळ सरकताना शब्द तुटतात. वधूवरांची नावं मुखपृष्ठावर, आत आणि पाकिटावर असतात. एका ठिकाणी दुरुस्त झालं म्हणजे तिन्ही ठिकाणी झालं असं होत नाही.

शेवटचं प्रूफ कागदावर आणि खऱ्या आकारात मागा. फोनवर बोटांनी मोठं करून पाहिलेला अनुस्वार पत्रिकेवर टाचणीच्या टोकाएवढा असतो, आणि सोनेरी फॉइलमध्ये बारीक टिंब उठतच नाही असंही होतं. मजकुराचे कर्व्ह केल्यानंतरच्या, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या झाल्यानंतरच्या, फाइलचाच प्रिंट हवा, कारण छापायला तीच जाते. त्यावर तारीख घालून सही करा, एक प्रत प्रेसला द्या आणि एक स्वतःकडे ठेवा. मशीनवरून उतरलेला पहिला कागद त्या प्रतीशेजारी ठेवून पाहिला की मगच बाकीचे छापायला सांगा.