सहा लाख साठ हजारांची ऑफर मी का सोडली

मागच्या मे महिन्यात माझ्या हातात दोन ऑफर लेटर होती. दोन्ही शेती औषधांच्या विक्रीची. पहिलीत पगार महिना 30 हजार आणि वर्षाचा इन्सेंटिव्ह 3 लाख, म्हणजे 6 लाख 60 हजार. भाग निफाड-दिंडोरीचा, द्राक्षपट्टा. दुसरीत पगार 38 हजार, इन्सेंटिव्ह 96 हजार, एकूण 5 लाख 52 हजार. भाग बदनापूर-भोकरदन, कापूस-सोयाबीन. घरचे सगळे पहिलीच्या बाजूने होते.

मला इन्सेंटिव्हची अट वाचायची होती. पहिल्या कंपनीत टार्गेट 1 कोटी 10 लाखांचं, आणि 80 टक्के, म्हणजे 88 लाख झाल्याशिवाय एक रुपयाही नाही. तोही माल दुकानात टाकल्यावर नव्हे, वसुली आल्यावर. मग तिथे आधी काम केलेल्या माणसाला फोन लावला. त्याने सरळ सांगितलं, "60 लाखांचा माल टाकला, 14 लाखांचा परत आला." म्हणजे निव्वळ विक्री 46 लाख. इन्सेंटिव्ह शून्य. वर जुनी 11 लाखांची उधारी नव्या माणसाच्या माथी.

तरी द्राक्षपट्टा सोडवत नव्हता. तिथला शेतकरी फवारणीवर हात आखडत नाही. म्हणून एक दिवस पिंपळगाव बसवंतला गेलो. एका कृषी सेवा केंद्राच्या गोदामात त्या कंपनीच्या टॉनिकचे खोके गेल्या ऑक्टोबरच्या छाटणीपासून तसेच पडलेले. दुकानदार म्हणाला, "साहेब, माल वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण एक्स्पोर्टवाला विचारतो, याने रेसिड्यू येणार नाही कशावरून? तुमच्या माणसाकडे लॅबचा रिपोर्ट नव्हता." तो प्रश्न रास्त होता. युरोपला जाणाऱ्या मालात नको तो अंश सापडला, तर कंटेनर अडकतो आणि बागाईतदाराचं वर्ष जातं. अशा ठिकाणी विश्वास नसलेलं टॉनिक मी कोणत्या तोंडाने विकणार होतो? चांगल्या भागात हा प्रश्न उलट जास्त कडक विचारला जातो.

बदनापूरला चित्र वेगळं. तिथे दुसऱ्या कंपनीचं कीटकनाशक शेतकरी नावाने मागत होते. मागच्या वर्षीची निव्वळ विक्री 78 लाख, टार्गेट 90 लाख. 85 टक्क्यांवर इन्सेंटिव्हचे 60 टक्के मिळतात. म्हणजे तेवढीच विक्री झाली तरी 57,600 रुपये. पगाराचे 4 लाख 56 हजार धरून 5 लाख 13 हजार 600. पहिल्या ठिकाणी मागच्या वर्षीच्या हिशोबाने हाती येणार होते 3 लाख 60 हजार.

पावसाने दगा दिला तर 78 लाखही होणार नाहीत, हे मला माहीत होतं. पण तेव्हाही 38 हजार दर महिन्याला येणारच होते.

पहिल्या कंपनीला मी शेवटची संधी दिली. जुनी उधारी माझ्या नावावरून काढा आणि लॅबचा रिपोर्ट द्या, एवढंच मागितलं. मॅनेजर फोनवर म्हणाले, "बघू, करून घेऊ." लेटरमध्ये लिहून द्या म्हटल्यावर चार दिवस उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी मी बदनापूरची ऑफर स्वीकारली, पेट्रोलचा दर किलोमीटरमागे किती ते लेखी घेऊन.