मामांनी हेडसेट काढला, तिथून पुढे

बेळगावच्या टिळकवाडीतल्या दोन खोल्यांत आम्ही चौघांनी काम सुरू केलं ते बिल्डरांच्या फ्लॅटचे थ्रीडी व्हिडिओ करून. ते सगळं पडद्यावर बघायचं काम. कॅमेरा छतावरून खाली आणला काय, जिन्यात गरकन वळवला काय, बघणाऱ्याला काही होत नसे. पुढे पहिला व्हीआर हेडसेट घेतला आणि तेच फ्लॅट त्यात घातले. गिऱ्हाईक हेडसेट लावायचं, "भारी झालंय" म्हणायचं आणि मिनिटाभरात काढून टेबलावर ठेवायचं. बघून झालं असेल, असं आम्ही समजायचो. त्यांना बरं वाटत नव्हतं, हे आम्हाला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीनं शिकवलं.

फाउंड्रीचं काम सुरक्षा प्रशिक्षणाचं होतं. भट्टीतला वितळलेला धातू लॅडलमध्ये, म्हणजे मोठ्या बादलीसारख्या भांड्यात, घेऊन क्रेन साच्यांच्या रांगेकडे जाते, तेव्हा नव्या माणसानं कुठे उभं राहायचं, लॅडलपासून किती लांब राहायचं, वाट कुठली सोडायची नाही, एवढं दाखवायचं. चालू शेडमध्ये नवख्याला हे शिकवणं धोक्याचं, म्हणून व्हीआर. आम्ही जीव ओतून शेड बांधली. बघणारा माणूस लॅडलच्या मागोमाग आपोआप सरकत जाई. सुरुवात हळू, मग वेग, शेवटी पुन्हा हळू. चालल्यासारखं वाटावं म्हणून कॅमेरा पावलागणिक किंचित वरखाली व्हायचा, आणि जमिनीला जिथे उतार, तिथे तोही कलायचा. सिनेमात शोभलं असतं असं सगळं.

पहिल्या दिवशी मोल्डिंगचे जुने कारागीर पुढे बसले. त्यांना सगळे मामाच म्हणतात. तीस वर्षं भट्टीजवळ काढलेला माणूस. दीड मिनिटातच त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"साहेब, जमीन सरकूलालीय ओ. काढा हे."

हेडसेट काढला तेव्हा कपाळ घामानं भिजलेलं, चेहरा पांढरा. बाहेर पाण्याच्या टाकीपाशी ते बराच वेळ बसून राहिले. त्यांच्यामागच्या तरुण पोरांतल्या दोघांचंही तेच झालं. एका माणसाला आपल्या कामानं त्रास होतोय हे समोर बघणं मला जड गेलं, आणि त्या आठवड्यात आम्ही दुसरं काही केलं नाही.

चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला जाणाऱ्या बसमध्ये मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेल्याला मळमळतं. त्याचे डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, आणि आतल्या कानाला प्रत्येक वळण जाणवत असतं. व्हीआरमध्ये याच्या उलट होतं. डोळे सांगतात आपण चाललोय, कान सांगतो आपण खुर्चीत बसलोय. पण आमच्या उपयोगाची गोष्ट याच्याही पुढची आहे. कानातली यंत्रणा वेग मोजत नाही, वेगातला बदल मोजते. सरळ रेषेत एकसारख्या वेगानं जाताना आणि जागेवर उभं असताना तिला फरक कळत नाही. म्हणजे एकसारख्या वेगानं सरकणाऱ्या दृश्यात डोळ्यांचं आणि कानाचं भांडण कमी असतं. भांडण सुरू होतं ते वेग वाढताना, कमी होताना आणि वळताना, कारण तेव्हा कानाला काहीतरी जाणवायला हवं आणि जाणवत नाही. आमची ती मऊ सुरुवात आणि मऊ शेवट म्हणजे सेकंदन् सेकंद चालणारं भांडण होतं. वरखाली होणारा कॅमेरा म्हणजे पावलागणिक नवं भांडण.

म्हणून सगळ्यात आधी आपोआप सरकणं काढून टाकलं. शेडच्या एका टोकाकडून दुसरीकडे जायला टेलिपोर्ट ठेवला. माणूस जमिनीवरच्या गोलाकडे बोट दाखवतो, दृश्य क्षणभर काळं होतं आणि तो तिथे पोचतो. मधली हालचाल डोळ्यांना दिसतच नाही. वळण्यासाठी स्नॅप टर्न घेतला, एका झटक्यात 30 अंश. दिसायला हे ओबडधोबड वाटतं, आणि आमच्या डिझायनरला ते मनातून पटलं नव्हतं. पण हळूहळू फिरणाऱ्या दृश्यात जी मळमळ होते ती यात होत नाही.

टेलिपोर्टनं एक गोष्ट मात्र हरवते, आणि आमच्या कामात तीच मोलाची होती: अंतराचा अंदाज. लॅडलपासून चार पावलं मागे जाणं म्हणजे किती, हे उड्या मारून कळत नाही. त्यासाठी फाउंड्रीच्या कॅन्टीनमध्ये तीन मीटर बाय तीन मीटरचा चौकोन चिकटपट्टीनं आखला आणि तो धडा स्वतःच्या पायांनी चालून घ्यायचा असं ठरवलं. खरे पाय खरोखर चालतात तेव्हा डोळे आणि कान एकच गोष्ट सांगतात. या कामातला सगळ्यात उत्तम उपाय मला आजही हाच वाटतो. सरकत जाण्याची जागा एकच उरली, पिवळ्या पट्ट्यांमधली लांब वाट. तिथे बटण दाबताच पूर्ण वेग, सोडताच थांबणं, सेकंदाला सव्वा मीटर, फक्त पुढे. बाजूला सरकणं आणि मागे जाणं बंद.

या वाटेसाठी आम्ही व्हिनेट लावलं. हालचाल चालू असताना नजरेच्या कडा काळ्या करायच्या आणि मधलं गोल उघडं ठेवायचं. सरकण्याचा भास सगळ्यात जास्त कडेच्या नजरेतून होतो, म्हणून हे काम करतं. कोलंबिया विद्यापीठात फर्नांडिस आणि फायनर यांनी 2016 साली दाखवलं होतं की ही कड हळूच आणि हालचालीच्या प्रमाणात मिटत गेली, तर त्रास कमी होतो आणि बऱ्याच जणांच्या ते लक्षातही येत नाही. आम्ही दृश्यं ज्यात बांधतो त्या युनिटी सॉफ्टवेअरमध्ये हे तयार मिळतं. `Aperture Size` म्हणजे उघड्या गोलाचा आकार, `Feathering Effect` म्हणजे कडेचा मऊपणा. आम्ही घाबरलेले होतो, त्यामुळे गोल 0.4 इतका लहान केला. मळमळ कमी झाली. पण फाउंड्रीचे सुरक्षा अधिकारी हेडसेट काढून म्हणाले, "बाजूनं फोर्कलिफ्ट आली तर याला दिसणार कशी?"

त्यांचं बरोबर होतं. बाजूला आणि वर बघायची सवय लावण्यासाठी जो धडा, त्यातच आम्ही बाजू आणि वर झाकून टाकलं होतं. गोल मोठा केला की मळमळ परत, लहान केला की धडा वाया. शेवटी आकड्याशी झगडणं सोडलं आणि प्रसंगच बदलला. माणूस सरकत असताना कुठलाच धोका येत नाही. वाटेवर ठरलेल्या तीन ठिकाणी तो थांबतो, व्हिनेट उघडतं, संपूर्ण शेड दिसते आणि मगच बाजूनं फोर्कलिफ्ट येते किंवा डोक्यावरून लॅडल जातं. त्यानंतर गोल 0.6 वर ठेवून चाललं. आणखी एक बारकावा चाचणीत सापडला. दृश्य आधी सरकायचं आणि कड मागाहून मिटायची, त्यामुळे सुरुवातीचा धक्का उघड्या नजरेवरच बसायचा. आता बटण दाबल्यावर कड आधी मिटते आणि पाव सेकंदानं पाय उचलतात.

क्षितिजाचं मात्र शेडमध्ये अवघड. बोटीवरचा माणूस मळमळलं की लांब क्षितिजाकडे बघतो. बंद शेडमध्ये क्षितिज नसतं, पण खांब उभे असतात आणि क्रेनची गॅन्ट्री या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी असते. डोळा त्यांनाच धरून राहतो. आमच्या पहिल्या दृश्यात कॅमेरा जमिनीच्या उताराप्रमाणे कलायचा, म्हणजे गटाराच्या उतारावर आलं की गॅन्ट्रीसकट सगळी शेडच तिरकी. मामांची जमीन सरकली ती नेमकी तिथे. माणूस स्वतः मान वाकवतो ती वाकवू द्यावी, पण त्याच्या पायाखालचा आधार प्रोग्रॅमनं कधी कलवू नये. तो फक्त उभ्या अक्षाभोवती वळावा. आम्ही प्रत्येक फ्रेमच्या शेवटी हे करतो, यातला `rig` म्हणजे तोच आधार:

```csharp
void LateUpdate() {
    float y = rig.eulerAngles.y;
    rig.rotation = Quaternion.Euler(0f, y, 0f);
}
```

दिवे जाण्याचा प्रसंग होता, त्यात हे पुन्हा पुढे आलं. अंधार झाला की खांब आणि गॅन्ट्री दोन्ही दिसेनात आणि लोक डगमगू लागले. तिथे आणीबाणीच्या दिव्यांत गॅन्ट्रीची कड आणि जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्या मंद दिसत ठेवल्या. बेळगाव स्टेशनवर शेजारची गाडी हलली की आपलीच हलल्यासारखी वाटते, ते अशाच कारणानं. नजरेत मोठी हलती वस्तू तेवढीच असते आणि धरून राहायला स्थिर काही नसतं. क्रेनही त्यामुळेच कधी पूर्ण नजर भरून जाऊ देत नाही.

एकदा हे सगळं करूनही दोघांना त्रास झाला. तेव्हा त्यांना एका जागी उभं करून नुसती मान फिरवायला सांगितली. तरीही दृश्य पोहल्यासारखं वाटतं म्हणाले. म्हणजे दोष चालण्याचा नव्हताच. भट्टीच्या ठिणग्यांचे पारदर्शक थर इतके झाले होते की 72 हर्ट्झच्या हेडसेटला दर 13.9 मिलिसेकंदाला नवं चित्र मिळत नव्हतं आणि मान वळल्यावर दृश्य मागाहून येत होतं. ठिणग्या कमी केल्या आणि प्रश्न सुटला. तेव्हापासून मान फिरवायची चाचणी आम्ही सगळ्यात आधी घेतो.

त्रास मोजायला केनेडी आणि सहकाऱ्यांची 1993 सालची प्रश्नावली वापरतो. तिच्यात सोळा लक्षणं आहेत आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. आम्ही मराठी आणि कन्नड दोन्हीत करून घेतली. ती हेडसेट लावायच्या आधीही भरून घेतो, कारण रात्रपाळी करून आलेल्याचं डोकं आधीच दुखत असतं आणि तो दोष आपल्या दृश्याच्या माथी नको, किंवा त्याच्या आड आपला दोष लपायलाही नको. कागदापेक्षा चेहरा लवकर सांगतो. जांभया, सारखं आवंढे गिळणं, ओठांवर घाम दिसला की त्याच क्षणी थांबवायचं, "अजून थोडंच राहिलंय" म्हणायचं नाही. त्रास झालेल्याला अर्धा तास बसवून ठेवतो. इथे बहुतेक जण दुचाकीवर येतात, येळ्ळूर, मच्छे, खानापूरपर्यंत जायचं असतं. डोकं पूर्ण थाऱ्यावर आल्याशिवाय गाडीची किल्ली हातात देत नाही.

मामा तीन महिन्यांनी परत बसले. मी शेजारी उभा होतो. बारा मिनिटं पूर्ण केली, शेवटच्या थांब्यावर मान वर करून लॅडल जाईपर्यंत बघत राहिले. काढल्यावर म्हणाले, "आता जमीन जाग्यावर हाय. पण साच्यांची दुसरी रांग चुकलीय तुमची." ती आम्ही दुरुस्त केली.

सध्या त्याच फाउंड्रीला क्रेन ऑपरेटरच्या केबिनचं प्रशिक्षण हवं आहे. केबिनची चौकट नजरेत स्थिर राहते, हा आधार चांगला मिळतो. अडचण जुन्या ऑपरेटरांची. विमानाच्या सिम्युलेटरमध्ये अनुभवी वैमानिकांना नवख्यांपेक्षा जास्त त्रास होताना आढळलंय, आणि आमच्याकडेही तेच दिसतंय. क्रेन सुटताना बसणारा हिसका त्यांच्या शरीराला पाठ आहे, तो येत नाही म्हणून ते बिघडतात. फाउंड्रीला आम्ही सांगितलंय की सध्या केबिन उभीच राहील, फक्त हुक आणि लॅडल हलेल. केबिन हलवायची ती खुर्चीखाली खरा हिसका देणारी सोय झाल्यावर.