अर्धी मुदत सरली तेव्हा व्याज किती गेलं होतं

घराच्या कर्जाला दहा वर्षं झाली आणि मी बँकेच्या ॲपमधून खात्याचं विवरणपत्र काढलं. कर्ज २० लाखांचं, मुदत २० वर्षांची. मुदत अर्धी संपली होती, पण बाकी मुद्दल १४ लाखांच्या वर होतं. मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि घर तालुक्याच्या गावी बांधलं आहे. मधल्या सुटीत आकडा सांगितला, तर एक ज्येष्ठ सहकारी लगेच म्हणाले, "सर, आता कायले जास्तीचे पैसे भरता? बँकेनं आपलं व्याज पयलेच घेऊन टाकलं. आता रायलं ते मुद्दल. ते तं द्याच लागते."

प्रश्न माझ्यासाठी खरा होता. कापसाचा चुकारा हाती आला होता आणि त्यातला एक लाख कर्जात टाकावा की नाही, हे ठरवायचं होतं. सहकाऱ्यांचं म्हणणं बरोबर असेल तर तो लाख दुसरीकडे ठेवलेलाच बरा.

आधी गेलेलं व्याज मोजलं. दर वर्षी आयकरासाठी बँक जे व्याजाचं प्रमाणपत्र देते, ते आपण कार्यालयात जमा करतो आणि विसरतो. प्रत्येक कागदावर एकाच वर्षाचं व्याज असतं, बेरीज कुठेच दिसत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितलं, की दर तिमाहीला कर्जदाराला विवरणपत्र उपलब्ध करून द्या आणि त्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल, वसूल झालेलं व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि व्याजदर दाखवा. माझ्या ॲपमध्ये ते एका कोपऱ्यात होतं. तुमच्याकडे दिसत नसेल तर शाखेत मागा.

माझा दर फ्लोटिंग आहे, दहा वर्षांत वर-खाली झाला. म्हणून इथे हिशेब सरळ राहावा यासाठी दर सगळ्या मुदतीत ९ टक्के धरतो. तेवढ्या दराने हप्ता येतो १७,९९५ रुपये. २४० हप्त्यांत बँकेकडे जातात सुमारे ४३ लाख १९ हजार, म्हणजे व्याज २३ लाख १९ हजार. त्यातलं पहिल्या १२० हप्त्यांत किती जातं, हे मोबाइलवरच्या शीटमध्ये एका सूत्राने निघतं:

```
=CUMIPMT(0.09/12,240,2000000,1,120,0)
```

उत्तर येतं उणे १५,७९,८५९. उणे म्हणजे आपल्या खिशातून गेलेले. एकूण व्याजाचे हे ६८ टक्के झाले. दहा वर्षांत मी भरले साधारण २१ लाख ५९ हजार आणि त्यातले मुद्दलात उतरले फक्त ५ लाख ७९ हजार.

आकडा बघून सहकाऱ्यांचंच खरं वाटेल. बँक आधी व्याज उकळते, मग मुद्दल. पण कोणताही एक महिना उघडून बघा. पहिल्या महिन्यात माझ्यावर २० लाख बाकी होते. ९ टक्के वर्षाला, म्हणजे महिन्याला पाऊण टक्का: १५,००० रुपये. हप्त्यातले उरलेले २,९९५ मुद्दलात गेले. १२१ व्या हप्त्याच्या वेळी बाकी १४,२०,५१७. त्याचा पाऊण टक्का १०,६५४, आणि मुद्दलात ७,३४१. दोन्ही महिन्यांत बँकेने फक्त त्या महिन्यापुरतं, उभ्या बाकीवर व्याज घेतलं. पुढच्या वर्षाचं व्याज आगाऊ कुणी घेतलं नाही. सुरुवातीला व्याज जास्त जातं, कारण सुरुवातीला आपण बँकेचे जास्त पैसे वापरत असतो. हप्ता मात्र कायम तेवढाच, म्हणून मुद्दलाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. माझ्या हिशेबात अर्धं मुद्दल फिटायला १४ वर्षं लागतात.

आता जी गोष्ट मला स्वतःला सगळ्यात अनपेक्षित वाटली ती. हे ६८ टक्के म्हणजे कर्ज महाग असल्याची खूण, असं मी धरून चाललो होतो. म्हणून त्याच दराने मुदत बदलून पाहिली. १० वर्षांच्या कर्जात अर्ध्या वाटेपर्यंत एकूण व्याजाचे ७१ टक्के जातात. ३० वर्षांच्या कर्जात साडेपासष्ट. म्हणजे मुदत लांबली तर अर्ध्यापर्यंतचा वाटा कमी होतो! आणि एकूण व्याज? २० लाखांवर १० वर्षांना १० लाख ४० हजार, ३० वर्षांना जवळपास ३८ लाख. वाटा कमी, पण पैसा कितीतरी जास्त.

दराचंही तसंच आहे. साडेआठ टक्क्यांच्या २० वर्षांच्या कर्जात वाटा ६८ च्या थोडा वर जातो, तरी कर्ज स्वस्तच. समजा मुद्दल दर महिन्याला अगदी सारखं फिटत गेलं असतं, तर बाकी सरळ रेषेत उतरली असती आणि पहिल्या अर्ध्यात जवळपास ७५ टक्के व्याज गेलं असतं. लांब आणि महाग कर्जात बाकी सुरुवातीला हलतच नाही, दुसऱ्या अर्ध्यातही व्याज भरपूर राहतं, म्हणून पहिल्या अर्ध्याचा वाटा ७५ वरून खाली येतो. कर्जाची रक्कम किती, याचा या टक्केवारीशी संबंध नाही. ५ लाख घ्या की ५० लाख, दर आणि मुदत तीच असेल तर वाटा तोच.

म्हणून कुणी "अर्ध्यात इतके टक्के व्याज गेलं" म्हणून घाबरवलं तर टक्के सोडा आणि बाकी किती ते विचारा.

बाकीवरूनच माझ्या एक लाखाचं उत्तर निघालं. १२० हप्त्यांनंतर एक लाख भरला आणि हप्ता १७,९९५ च ठेवला, तर उरलेले १२० हप्ते १०७ होतात. तेरा हप्ते वाचले, म्हणजे सुमारे २ लाख ३४ हजार. भरलेला लाख वजा केला तर व्याजातली बचत १ लाख ३४ हजार. अर्ध्यानंतर काही फायदा नाही म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवावा. हाच लाख दोन वर्षं झाल्यावर भरला असता तर २५ हप्ते कमी झाले असते आणि साडेतीन लाखांच्या वर व्याज वाचलं असतं, हेही खरं. पण त्यात जादू काही नाही. दोन्ही वेळी लाखाने वर्षाला ९ टक्केच वाचवले. फक्त एकदा अठरा वर्षं आणि एकदा दहा वर्षं. तेव्हा तो लाख माझ्याकडे नव्हताही.

शाखेत गेलो. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी भरण्याचा दंड नाही, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. खरी गोम अर्जात आहे. कर्ज विभागातल्या मॅडमनी स्वतःहून विचारलं, "सर, हप्ता कमी करू की मुदत?" काही शाखांमध्ये विचारत नाहीत, जे त्यांच्या पद्धतीत बसतं ते होतं. हप्ता कमी केला असता तर तो १,२६७ रुपयांनी उतरला असता, मुदत दहा वर्षंच राहिली असती आणि व्याज वाचलं असतं सुमारे ५२ हजार. महिन्याच्या खर्चाची ओढाताण असेल त्याने तेच घ्यावं, त्यात वाईट काही नाही. मला ती अडचण नव्हती. अर्जात स्पष्ट लिहिलं: ही रक्कम अंशतः मुदतपूर्व परतफेड म्हणून मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला.

"मुद्दलात जमा" हे शब्द मुद्दाम घातले. काही ठिकाणी जास्तीची रक्कम पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून बाजूला पडून राहते आणि व्याज जुन्याच बाकीवर चालू राहतं. ओळखायला सोपं आहे. ९ टक्के दराने एक लाख खरोखर मुद्दलातून गेला असेल, तर त्यानंतरच्या पहिल्या पूर्ण महिन्याचं व्याज साडेसातशे रुपयांनी कमी दिसायला हवं. १०,६५४ च्या जागी ९,९०४. तसं दिसलं नाही तर त्याच आठवड्यात शाखेत जायचं, वर्षाच्या प्रमाणपत्राची वाट बघायची नाही.

आमच्याच केंद्रातल्या एका तरुण शिक्षकाची गोष्ट यापेक्षा अवघड आहे. त्याने २०२१ मध्ये ७ टक्क्यांनी २० लाख घेतले, हप्ता साडेपंधरा हजार. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि त्याचं कर्ज रेपोला जोडलेलं असल्याने साडेनऊवर. बाकी १९ लाखांच्या आसपास, म्हणजे महिन्याचं व्याजच पंधरा हजारांच्या वर. हप्ता न वाढवता मुदत वाढवायची म्हटलं तर ती निवृत्तीच्या पार पुढे जात होती. असं झालं, की "अर्धी मुदत" हा शब्दच फसवा होतो, कारण अर्धं पुढे पुढे सरकतं. रिझर्व्ह बँकेच्या त्याच २०२३ च्या सूचनेत दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, याची निवड कर्जदाराला द्यायला सांगितली आहे. त्याने हप्ता वाढवून घेतला. पुढे २०२५ मध्ये रेपो उतरला तेव्हा त्याने हप्ता खाली आणला नाही, वाढवलेलाच ठेवला. विवरणपत्रात उरलेल्या हप्त्यांचा आकडा दर तिमाहीला तीनने कमी होतो की नाही, एवढं तो आता बघतो.

आणि चुकाऱ्याचा सगळा पैसा मी गृहकर्जात टाकला नाही. वावर बाबांच्या नावावर आहे आणि त्यावर पीककर्ज आहे. महाराष्ट्रात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येतं, तारीख चुकली की ती सवलत जाते. ते आधी भरलं. घरात सोनेतारण किंवा सावकाराची उचल असती तर दुसरा नंबर तिचा लागला असता, कारण तिचा दर सहसा नऊच्या वर असतो. पेरणीपुरते पैसेही वेगळे काढले. गृहकर्जात गेलेला रुपया जूनमध्ये बियाण्यासाठी परत मागता येत नाही, निदान माझ्या खात्यात तरी तशी सोय नाही. एवढं झाल्यावर जो लाख उरला तो भरला, आणि पुढच्या विवरणपत्रात उरलेले हप्ते कमी झालेले दिसले.