कानामागचा एक पट्टा, फॉईलच्या तीन पुड्या आणि बाकीचे केस जसेच्या तसे

मला सगळं डोकं रंगवायचं नव्हतं. डाव्या कानामागे, वरच्या केसांखाली झाकला जाईल असा दोन बोटं रुंदीचा एकच पट्टा तांबूस करायचा होता. केस मोकळे सोडले की झाकलेला, वर बांधले की दिसणारा. मे महिन्यात धाकटी जाऊ नागपूरला सुट्टीवर आली होती, तेव्हा घरीच करायचं ठरवलं. समोरच्या एकदोन बटा आरशात बघून एकटीनेही होतात, पण कानामागचं काम दुसऱ्याच्या डोळ्यांनीच नीट होतं.

आपल्या काळ्या केसांवर नुसता कॉपर रंग लावला तर उन्हात किंचित झाक दिसते, त्यापलीकडे काही नाही. आधी ब्लीचने तेवढा पट्टा उजळावा लागतो, मग रंग चढतो. म्हणून जपायचं असतं ते ब्लीचपासून. तांबूस रंगाचा फराटा शेजारच्या काळ्या केसांना लागला तरी तो दिसत नाही, काही धुण्यांत निघूनही जातो. ब्लीचचा एक थेंब मात्र मुळाशी लागला की तिथे नारिंगी ठिपका उमटतो आणि तो केस वाढून कापेपर्यंत तसाच राहतो. त्यामुळे पट्टा ज्या फॉईलमध्ये गुंडाळायचा तिच्या वरच्या कडेवर सगळी मेहनत घ्यायची, हे मी आधीच मनाशी पक्कं केलं होतं.

तांबूसच का, यालाही कारण आहे. काळा केस उजळताना आधी तपकिरी होतो, मग लालसर, मग नारिंगी आणि त्यानंतर पिवळा. निळा किंवा फिकट गुलाबी रंग स्वच्छ दिसायला पिवळ्यापर्यंत जावं लागतं आणि तिथपर्यंत नेताना केसाचा जीव जातो. नारिंगीवर निळा लावला तर तो मळकट दिसतो. कॉपरला मात्र नारिंगीच लागतो, म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबता येतं. घरी पहिल्यांदा करणाऱ्या कुणालाही मी हाच रंग सांगेन.

माझ्या टोकांना जुनी मेंदी होती. शुद्ध मेंदीवर ब्लीच चालतं, फक्त नारिंगी हटता हटत नाही. पण पाकिटातल्या काही मेंद्यांत आणि केस काळे करणाऱ्या पावडरींत धातूंचे क्षार असू शकतात, आणि ते ब्लीच पावडरीत कालवायच्या डेव्हलपरशी मिळाले की केस तापतो, कधी वितळल्यासारखा तुटतो. म्हणून आधी कंगव्यात आलेल्या केसांची एक जुडी टेपने बांधली, थोडंसं मिश्रण कालवून तिला लावलं आणि फॉईलमध्ये गुंडाळून ठेवली. मधूनमधून हात लावून पाहिला. फॉईल गरम झाली नाही, वाफ नाही, घाण वास नाही. अर्ध्या तासाने जुडी नारिंगी झाली होती आणि ओली करून ताणली तर परत आखडत होती. ती च्युइंगमसारखी लांबत गेली असती तर मी बेत तिथेच सोडला असता. कॉपर रंगाचा ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहिली, खाज आली नाही.

सामान सीताबर्डीवरून आणलं: ब्लीच पावडर, २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर, अर्धा इंची ब्रश आणि निमुळत्या दांडीचा कंगवा. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. दुकानदार ३० देत होता, लवकर होईल म्हणाला. फॉईलच्या आत आधीच ऊब धरते, वर नागपूरचा मे. लवकर व्हावं अशी माझी इच्छाच नव्हती, मला थांबवायला वेळ हवा होता. फॉईल स्वयंपाकघरातलीच घेतली. तिचे चार बोटं रुंद आणि वीतभरापेक्षा थोडे लांब असे तुकडे कापले आणि प्रत्येकाची एक कड सेंटीमीटरभर आत दुमडून नखाने दाबून घेतली. ही दुमड महत्त्वाची. तिच्यामुळे कड ताठ राहते, मुळाशी नीट टेकते आणि ब्लीच वर सरकू लागलं तर ते आधी तिथे अडतं.

सकाळी लवकर बसलो, ऊन तापायच्या आत. कूलर आणि पंखा दोन्ही बंद. वारा थेट लागला की सुटे केस उडून ब्लीचला चिकटतात आणि फॉईलबाहेर राहिलेलं मिश्रण वाळतं. वाळलेलं ब्लीच काम करत नाही. खिडक्या मात्र सताड उघड्या, कारण ही पावडर नाकात गेली की ठसका लागतो आणि दम्याच्या माणसाला तर ती त्रासच देते. सासूबाईंनी दारातून डोकावून विचारलं, "काय करून राहिल्या गं तुम्ही दोघी सकाळी सकाळी?" आणि फॉईल बघून रात्रीच्या पोळ्यांसाठी थोडी ठेवा म्हणाल्या.

केस दोन दिवस धुतलेले नव्हते, कोरडे होते आणि नीट विंचरलेले. जावेने दांडीच्या टोकाने भांग पाडला. वरचा थर उचलून क्लिपने बांधला आणि कानाच्या कडेचे बारीक केस वेगळे ठेवले. कडेचे केस घेतले की केस मोकळे सोडले तरी रंग डोकावतो. मग पट्ट्याच्या चारी बाजूंच्या काळ्या केसांना भांगेपासून बोटभर जाड कंडिशनर थापलं. कानाला आणि मानेच्या कातडीला व्हॅसलिन. केसांना व्हॅसलिन लावू नये, निघत नाही आणि नंतर दिवसभर तेलकट राहतं. कंडिशनर त्याच पाण्यात वाहून जातं. बाकी सगळ्या डोक्यावर क्लिंग फिल्म गुंडाळून वर जुनी शॉवर कॅप घातली.

प्लास्टिकच्या वाटीत २० ग्रॅम पावडर आणि ३० मिलिलिटर डेव्हलपर. पाकिटावर दुप्पट डेव्हलपर लिहिलं होतं, तो पातळपणा मोकळ्या केसांना ठीक. फॉईलमध्ये मिश्रण दाट हवं, ब्रश उलटा केला तरी टपकू नये असं चक्क्याइतकं.

पट्टा एकदम एका फॉईलमध्ये घातला नाही. त्याचे एकावर एक असे तीन पातळ थर केले, इतके पातळ की केसांतून खालची फॉईल दिसावी. जाड थरात वरचे केस उजळतात आणि मधले काळेच राहतात, धुतल्यावर मग चट्टेपट्टे दिसतात. सगळ्यांत खालच्या थरापासून सुरुवात केली. थराखाली फॉईल, दुमडलेली कड मुळाशी टेकवलेली, आणि कंगव्याच्या दांडीने ती घट्ट धरलेली. ब्रश दुमडीच्या सेंटीमीटरभर खालून सुरू करून टोकापर्यंत. मुळाजवळची जागा मुद्दाम कोरडी सोडली. ब्लीच ऊब धरलं की फुगतं, आणि फुगलेलं मिश्रण मोकळ्या जागेकडे, म्हणजे वर सरकतं. ती जागा आधीच भरलेली असली तर ते फॉईलबाहेर येऊन शेजारच्या मुळांना लागतं. शिवाय डोक्याच्या उबेने मुळाजवळचे केस लवकर उजळतात, म्हणून तिथे कमीच बरं.

मग फॉईल खालून वर दुमडली, दोन्ही बाजू आत घेतल्या आणि पुडी झाली. इथे हात आवरावा लागतो. पुडी घट्ट व्हावी म्हणून तळव्याने दाबावीशी वाटते, आणि दाबली की आतलं सगळं मुळाकडे ढकललं जातं. जावेने फक्त कडा चिमटीने बंद केल्या आणि मुळाशी एक छोटी क्लिप लावली, नाहीतर पुडी आपल्याच वजनाने घसरते. कानामागच्या पुड्या सरळ खाली लोंबतात, त्यामुळे गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने असतं. टाळूवरच्या बटांना ही सोय नाही, तिथे मुळाशी आणखी जागा सोडावी लागते.

दर दहा मिनिटांनी खालची पुडी उघडून कंगव्याच्या टोकाने थोडं मिश्रण पुसून बघितलं. आधी तपकिरी, मग विटकरी. त्याच वेळी जाऊ टॉर्च लावून दुमडीच्या वरची जागा तपासत होती. मधल्या पुडीच्या कडेला पांढरी रेघ दिसली तशी तिने ओल्या टिश्यूने ती खाली टिपली, चोळली नाही, आणि तिथे पुन्हा कंडिशनर लावलं. लगेच टिपलं तर काळ्या केसाला काही होत नाही. पुडी कोमट असणं चालतं, चटका बसेल इतकी तापली तर तत्क्षणी उघडून धुवायची. पस्तीसेक मिनिटांनी खालचे दोन थर सारखे नारिंगी झाले. वरचा थर सगळ्यांत शेवटी लावला होता, त्याला आणखी पाच मिनिटं दिली.

धुताना बरेच जण चुकतात, कारण फॉईल काढून थेट शॉवरखाली जातात. मग इतका वेळ जपलेल्या केसांवरून तेच ब्लीच वाहतं. आम्ही कॅप तशीच ठेवली आणि मी बेसिनवर डावीकडे वाकले. एक पुडी उघडायची, ओल्या टिश्यूने मिश्रण टोकाकडे ओढून काढायचं, मग मगने गार पाणी मुळाकडून टोकाकडे, आणि ती बट स्वच्छ झाल्यावरच पुढची पुडी. तिन्ही झाल्यावर कॅप काढून भरपूर पाण्याने सगळं डोकं धुतलं. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, केस त्याने खरखरीत होतात, म्हणून शेवटचं पाणी नळाचं घेतलं. वाटीत उरलेलं मिश्रण झाकण लावून ठेवायचं नसतं. त्यातून वायू निघत राहतो आणि बंद डबी फुटू शकते. ते पाणी घालून फेकलं.

केस पूर्ण वाळल्यावर कॉपर रंग लावला. हा थेट चढणारा रंग, त्यात डेव्हलपर नाही. पुन्हा तसेच तीन थर, नव्या फॉईल, पण आता मुळापर्यंत ब्रश नेला, कारण शेजारच्या केसांचं काही बिघडणार नव्हतं. अर्ध्या तासाने पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत धुतलं.

त्यानंतरचे काही दिवस मानेचा घाम पुसायला गडद रंगाचा टॉवेल वापरला, कारण असा रंग सुरुवातीला घामानेही सुटतो. पांढरे कुर्ते कपाटात. तो हळूहळू फिकट होत खालच्या नारिंगीत मिसळतो, त्यामुळे ओंगळ दिसत नाही आणि वाटेल तेव्हा फक्त रंग परत चढवता येतो. ब्लीच मात्र त्याच केसांवर पुन्हा लावायचं नाही. महिन्याला साधारण सेंटीमीटरभर काळं मूळ वाढतं, पण पट्टा आतल्या थरात असल्याने ते दिसत नाही. पुढे मुळं करायची झाली तर उजळलेल्या भागाला आधी जाड कंडिशनर लावून तो झाकायचा आणि ब्लीच फक्त वाढलेल्या काळ्यावर, जुन्या कडेच्या किंचित वर थांबवून लावायचं.